काका, जरा आवाज…

मराठी माणूस शेजारच्या प्रवाशाला ‘व्हिडिओचा आवाज कमी करा’ असं सहसा सांगत नाही. तो आधी नुसता बघतो. मग पेपरचं पान गरजेपेक्षा जास्त खडखडाट करून उलटतो. त्यानंही भागलं नाही तर समोरच्या, या प्रकरणाशी काडीचा संबंध नसलेल्या तिसऱ्याच माणसाला म्हणतो, “हल्ली लोकांना काही राहिलंच नाही हो.” तिसरा मान डोलावतो. ज्यानं ऐकायला हवं त्याला मात्र ऐकू येत नाही, कारण त्याच्या फोनचा आवाज मोठा असतो.

आपली बाजू भक्कम आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो. रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 145 मध्ये डब्यात उपद्रव करणाऱ्याला खाली उतरवण्याची तरतूद आहे. 139 वर तक्रारही करता येते. पण पुण्याच्या इंटरसिटीत, मांडीला मांडी लावून बसलेल्या आणि नुकताच आपल्याला भडंगाचा पुडा पुढे केलेल्या काकांविरुद्ध 139 फिरवायला जे काळीज लागतं, ते आमच्याकडे नाही. शिवाय भडंग खाऊन झालेलं असतं.

तेव्हा उरतं ते नम्रपणे सांगणं, आणि त्यात सगळी कला वेळ साधण्याची आहे. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि ती गाडीला घाटातून लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. कर्जतपर्यंत काकांची सुनेच्या कटकारस्थानांची मालिका बेताच्या आवाजात चालू असते. पहिला बोगदा येतो. चाकांचा आवाज भिंतींवर आपटून उघड्या खिडक्यांतून आत घुसतो, सुनेचं बोलणं बुडतं आणि काका बटण दोनदा दाबतात. पुढच्या बोगद्यात आणखी दोनदा. बोगदा संपला की गोंगाट संपतो, पण वाढवलेला आवाज खाली आणायचं कुणाच्या लक्षात येत नाही. लोणावळ्याला गाडी थांबते तेव्हा ती सून सबंध डब्याची सून झालेली असते.

यात काकांचा दुष्टपणा अजिबात नसतो. वय वाढतं तसे आधी बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होतात, आणि शब्दांमधली व्यंजनं तिथेच असतात. म्हणून ‘बोलतात ते कळतं, पण शब्द कळत नाहीत’. माणूस आवाज वाढवतो, तर फोनचा इवलासा स्पीकर नेमका कर्कश सूरच फेकतो. खर्ज त्याला झेपत नाही. काकांना जेमतेम पुरतं ते आपल्या कानात सुईसारखं शिरतं. इयरफोन सुचवावा, तर काकांच्या खिशात जुना वायरवाला असतो आणि मुलानं हौसेनं घेऊन दिलेल्या नव्या फोनला त्याचं भोकच नसतं.

तरुणांचा प्रकार वेगळा. कानात पांढरे बड्स घट्ट बसवलेले, पण ते फोनशी जोडलेच गेलेले नाहीत. कान बंद, त्यामुळे आवाज दबका येतो. म्हणून गडी तो वाढवत जातो. सगळा डबा गाणं ऐकतो आणि ते सर्वांत कमी त्यालाच ऐकू येतं. इथे विनंतीची गरज नाही. “अरे, ब्लूटूथ लागलेलं नाहीये तुझं,” एवढं म्हणावं. पोरगं लाजेनं तात्काळ फोन बंद करतं.

काकांसाठी एखाद्या लांब बोगद्याची वेळ धरावी. रेंज जाते, पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागतं, सून तोंड उघडं टाकून थिजते. भर प्रसंगात तोडलेला माणूस खवळतो, चक्राकडे बघणारा माणूस गप्पांना मोकळा असतो. बोगदा सरला की चक्र थांबायच्या आत लगेच बोलावं. ‘त्रास होतो’ म्हणू नये, त्यात आरोप आहे. ‘बंद करा’ तर नाहीच, कारण तो हुकूम झाला आणि काका सरकारी खात्यातून निवृत्त आहेत, हुकूम कसा फिरवायचा हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. “काका, घरून फोन येतोय, जरा कमी करता का?” हे चालतं. फक्त मग फोन खरंच यावा लागतो. तेव्हा बायकोला आधी मेसेज टाकून ठेवणं बरं.

मी हे सगळं यथासांग केलं. काकांनी “अहो, सांगायचं ना आधी!” म्हणत आवाज तळाला नेला आणि वर माफीही मागितली. मी कृतकृत्य होऊन डोळे मिटले. तेवढ्यात खिडकीपाशी कर्जतपासून डुलकी घेत असल्यासारख्या दिसणाऱ्या मावशी ताडकन म्हणाल्या, “का हो कमी केला? त्या सुनेनं दागिने शेवटी ठेवले कुठे?”

काकांनी फोन खिशात ठेवला, बैठक सावरली आणि पहिल्या भागापासून सांगायला घेतलं. शिवाजीनगर यायला अजून तास होता.