मैत्रिणीचा 'तो' : स्वारगेट परिसरासाठी भेट-नियमावली

जिवलग मैत्रिणीचं नव्याने जमलं आहे, 'तो' आपल्याला फोटोतच आवडलेला नाही आणि तरी रविवारी त्याला भेटायचं आहे, अशा पुणेकरांनी भेट स्वारगेटला ठरवावी. घरी बोलावू नये. घरी पाहुणा उठेपर्यंत यजमानाला उठता येत नाही. स्वारगेटला एसटी, पीएमपी आणि मेट्रो तिन्ही असल्यामुळे माणूस कुठूनही येऊ शकतो आणि, मुख्य म्हणजे, जाऊ शकतो. तो बाहेरगावचा असेल तर परतीचं आरक्षण झालंय ना, हे आपुलकीने विचारून घ्यावं. सातारकर असल्यास सावध राहावं. साताऱ्याच्या विनाथांबा गाड्या सारख्या सुटतात, त्यामुळे 'पुढचीने जातो' म्हणत तो आणखी एक चहा मागवू शकतो.

भेट दीड तासाची असावी आणि त्यातला निम्मा वेळ चालण्यात घालवावा. हॉटेलात समोरासमोर बसलं की आपलं नाक मुरडलेलं दिसतं. सारसबागेत शेजारून चालताना दिसत नाही. शिवाय तळ्याचा बराच भाग बुजवून ही बाग कशी झाली, हे सांगण्यात दहा मिनिटं सुखरूप जातात आणि तळ्यातल्या गणपतीसमोर तर कोणी बोलायची अपेक्षाच करत नाही.

आता मुख्य काम. मनात दोन रकाने आखावेत : 'मला खटकतं' आणि 'तिला जाचतं'. उदाहरणादाखल एक काल्पनिक कोल्हापूरकर घेऊ. पुण्यातल्या मिसळीला तो मिसळ मानत नाही. गॉगल डोक्यावर ठेवतो, रात्रीसुद्धा. आपल्याला पहिल्याच भेटीत 'काय भावा' म्हणतो. हे सगळं पहिल्या रकान्यात टाकावं आणि त्यावर आयुष्यभर मौन पाळावं. मिसळीपुरता वाद घालायला हरकत नाही, तो निरोगी असतो.

मग आपण मैत्रिणीला तिच्या नव्या नोकरीबद्दल विचारतो आणि उत्तर तो देतो. एकदा झालं तर उत्साह म्हणावं. पण तिसऱ्यांदाही तोच बोलला, ती बोलण्याआधी त्याच्याकडे बघू लागली, फोन वाजला की 'कुणाचा?' हे आधी त्याने विचारलं, तर पेन दुसऱ्या रकान्याकडे वळवावं. इथे बघायचं त्याच्याकडे नसतं, तिच्याकडे असतं. एरवी रिक्षावाल्याशी दोन रुपयांसाठी भांडणारी बाई त्याच्यासमोर आइस्क्रीम कोणतं घेऊ असं विचारत असेल, तर ते त्याच्या गॉगलपेक्षा गंभीर आहे. तिचा पगार कुणाच्या हातात जातो, जुन्या मैत्रिणी कधीपासून भेटत नाहीत, ठरलेले बेत ती शेवटच्या क्षणी का मोडते, हेही पुढच्या काही आठवड्यांत बघावं. एका भेटीवर निकाल देऊ नये. पहिल्या भेटीत घाबरलेला माणूसही जास्त बोलतो.

आपल्या नजरेवर अगदीच अविश्वास नको. १९९९ साली मॅकडोनल्ड आणि रॉस या कॅनडातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या प्रेमप्रकरणांचा पाठपुरावा केला, तेव्हा ती किती टिकतील याचा अंदाज प्रेमिकांपेक्षा त्यांच्या रूममेटांचा आणि आईवडिलांचा जास्त बरोबर निघाला. मात्र यावर लगेच मिशा पिळू नयेत. अंदाज प्रकरण टिकण्याचा होता, माणूस चांगला की वाईट याचा नव्हता.

दुसरा रकाना रिकामाच राहिला तर बोलू नये. तिने 'कसा वाटला?' असं विचारलंच, तर त्याच्यातली एक खरी चांगली गोष्ट सांगावी. दीड तासात एकही सापडली नसेल तर आपण पुरेसं बघितलेलं नाही. रकाना भरला असेल तर बोलावं, पण तिला एकटीला गाठून आणि समोरासमोर. व्हॉट्सॲपवर कदापि नाही, कारण तो फोन कोण वाचतं हाच तर प्रश्न आहे. आणि आपण जे बोलू ते तिच्याकडून त्याच्यापर्यंत पोचणार, हे धरूनच वाक्य जुळवावं. 'तो हलकट आहे' हे वाक्य बाद. 'नोकरीबद्दल तुला विचारलं तेव्हा तिन्ही वेळा तोच बोलला, तुला ते कसं वाटलं?' हे चालेल. त्यात शिवी नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि उत्तर तिच्याकडे आहे.

एवढं बोलून गप्प बसावं. ती चिडेल, चार दिवस फोन घेणार नाही. पाचव्या दिवशी दुसऱ्याच विषयावर आपणच फोन करावा. 'तो किंवा मी' अशी अट मुळीच घालू नये. तो खरंच तिला माणसांपासून तोडणारा असेल, तर आपण त्याचं काम फुकटात करून देतो. मारहाण किंवा धमकी दिसली तर मात्र ही नियमावली बाजूला ठेवावी. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे आणि ११२ वर पोलीस मिळतात. हे आकडे तिला सांगून ठेवावेत, लावायचे कधी हे शक्यतो तिला ठरवू द्यावं. जिवावर बेतलं तर स्वतः लावावेत.

आणि सगळं सुरळीत होऊन लग्न ठरलंच, तर अक्षता टाकाव्यात, पोटभर जेवावं. 'मी तेव्हाच म्हटलं होतं' हे वाक्य मात्र घटस्फोटानंतरही वापरू नये.