स्वखुशीने घाण्याला

आमच्या शाखेत कुणी कामाला कंटाळला की एकच वाक्य म्हणायचा, "काय हे घाण्याच्या बैलासारखं जगणं!" सुधीरने अठरा वर्षांत ते एकदाही म्हटलं नाही. मार्चअखेरीला रात्री अकरा वाजता ताळेबंद जुळत नसतानासुद्धा म्हटलं नाही. मग एके दिवशी त्याने राजीनामा दिला आणि साताऱ्यात लाकडी घाणा विकत घेतला. आम्ही सगळे सुटकेच्या गप्पा मारत अजून काउंटरला जुंपलेलेच आहोत, आणि हा एकटा सुटला तो थेट घाण्यावर.

सुधीर म्हणजे काय चीज आहे, हे आधी सांगायला हवं. तो कर्ज विभागात होता आणि कर्ज नामंजूर करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नकारही असा गोड, की माणूस नकार घेऊन जाताना त्याचे आभार मानायचा. शाखेत त्याचं नाव होतं 'एनपीए'. त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीत पुढे बुडणारं खातं दिसायचं. लग्नाला गेला तर मंडपाकडे बघून विचारायचा, "याला तारण काय ठेवलंय?" छत्री आणि रेनकोट दोन्ही घेऊन ऑफिसला येणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस. विचारलं तर म्हणाला, "छत्री ही मुख्य सुरक्षा. रेनकोट जामीनदार."

अशा माणसाने राजीनामा दिल्यावर शाखेत पहिली शंका आली ती तब्येतीची. दुसरी शंका मला आली, ती पेन्शनची. सुधीर 2007 साली लागला. आमच्याकडे 2010 च्या एप्रिलच्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. वीस वर्षं भरली की स्वेच्छानिवृत्ती घ्यावी आणि पेन्शन घेऊन घरी जावं. त्याआधी राजीनामा दिला तर मागची सगळी नोकरी पेन्शनच्या हिशेबातून पुसली जाते. स्वतःचा पीएफ मिळतो, ग्रॅच्युइटी मिळते, बाकी राम राम. वर स्टाफला स्वस्त दराने मिळालेलं घराचं कर्ज बाहेरच्या दरावर जातं. म्हणजे पगार थांबतो त्याच महिन्यात हप्ता वाढतो.

"अरे, दोनच वर्षं राहिली होती!" मी ओरडलोच.

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुला काय वाटतं, मी मोजली नसतील?"

त्याने मोजली होती. त्याच्या खातेदारांत एक म्हातारे घाणेवाले होते. मुलगा पुण्याला आयटीत, त्यामुळे घाणा चालवायला कुणी नाही. त्यांना तो विकायचा होता, दोन लाकडी घाणे, मोटारी आणि गिऱ्हाइकांची वही यांसकट. वहीत एकशे तीस घरं. "मशीन कुठेही मिळतं," सुधीर म्हणाला, "वही मिळत नाही. आणि म्हातारा दोन वर्षं थांबायला तयार नव्हता." उरलेल्या पैशांसाठी तो कर्ज काढायला दुसऱ्या बँकेत गेला. समोर सव्वीस वर्षांचा अधिकारी. त्याने प्रोजेक्ट रिपोर्ट चाळून विचारलं, "काका, या क्षेत्रातला अनुभव?" सुधीर म्हणतो, त्या क्षणी अठरा वर्षांचे सगळे नामंजूर अर्जदार खिडकीबाहेर उभे राहून हसत असल्यासारखं वाटलं.

दसऱ्याला घाणा सुरू झाला. मित्रांतर्फे दोन शब्द बोलायचं काम माझ्याकडे. मी आदल्या दिवशी गेलो आणि म्हटलं, "अभिनंदन करायचंय, पण खोटं बोलणार नाही. वही दाखव."

त्याने वही काढली. तिच्यातलं गणित सांगतो, कारण सुधीरचं खरं व्यक्तिचित्र त्या पानावरच आहे.

एका घाण्यात पंधरा किलो शेंगदाणे पडतात. तास-पाऊण तासात सहा किलो तेल निघतं, म्हणजे साधारण साडेसहा लिटर. दाणे 120 रुपये किलोने धरले तर अठराशे रुपये झाले. साडेआठ किलो पेंड उरते. ती गवळी चाळीस रुपयांनी नेतात, त्याचे 340 वजा. म्हणजे लिटरला सव्वादोनशे रुपयांचा नुसता दाणाच. कॅन, लेबल, वीज, सांडलवंड धरून 260. विक्री 340 ला. लिटरमागे सुटले ऐंशी रुपये.

मला ऐंशी बरे वाटले. सुधीरने पान उलटलं. भाडं, एक मदतनीस, कर्जाचा हप्ता, किरकोळ मिळून महिना पंचेचाळीस हजार. घरखर्च आणि वाढलेला घराचा हप्ता आणखी पंचेचाळीस. नव्वद हजाराला ऐंशीने भागलं की 1,125 लिटर. सव्वीस दिवसांनी भागलं की रोज त्रेचाळीस लिटर, म्हणजे रोज सात घाणे, आणि तेही सगळे विकले गेलेले. घरटी महिन्याला चार लिटर धरले तर 280 घरं लागतात. वहीत 130.

"आणि दाणा दहा रुपयांनी चढला तर?" मी विचारलं.

"लिटरमागे तेवीस रुपये गेले. ऐंशीचे सत्तावन्न. मग जवळजवळ 1,580 लिटर. चारशे घरं." हे त्याने वहीत न बघता सांगितलं. रात्री झोपण्याआधी लोक रामरक्षा म्हणतात, हा हे म्हणत असावा.

भाव वाढवून भागत नाही, कारण शेजारच्या किराणा दुकानात रिफाइंडची पिशवी कितीतरी स्वस्त लटकत असते. दाणा स्वस्तात घ्यायचा तर खरिपाचा नवा माल दिवाळीच्या सुमाराला येतो तेव्हा घेऊन ठेवायचा. पण त्याला भांडवल लागतं, आणि ठेवलेल्या दाण्याला ओल लागली तर बुरशी. बुरशीचा दाणा नुसता कडू नसतो, विषारी असतो. म्हणून सुधीर प्रत्येक पोत्यात टोकदार नळी खुपसून वरचा, मधला, खालचा दाणा काढतो आणि चावून बघतो. "खातेदाराने पुढे मांडलेला माल कधी बघायचा नाही," तो मला म्हणाला, "मागचा बघायचा." खवट लागला की पोतं परत. व्यापारी वैतागतात. त्यांना हे नामंजुरीचं पत्र नवीन आहे, आम्हाला जुनं.

तरी पुढे घाणा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. घाण्यातून निघालेलं तेल गढूळ असतं. ते दोन-तीन दिवस निवळू द्यावं लागतं, मग वरचं कॅनमध्ये भरायचं. दसऱ्याची गर्दी बघून सुधीरने एका दिवसात भरलं. चौथ्या दिवशी एक काकू कॅन घेऊन हजर. तळाशी बोटभर गाळ. "भेसळ आहे," त्या म्हणाल्या, "आणि भजी तळताना केवढा फेस आला!" फेस लाकडी घाण्याच्या तेलाला येतोच, कारण रिफाइंडमध्ये जे काढून टाकतात ते यात राहिलेलं असतं. हे सुधीरने समजावलं. गाळाबद्दल मात्र त्याने काही समजावलं नाही. कॅन बदलून दिला, वहीत स्वतःच्या नावावर 340 रुपये टाकले आणि पुढे लिहिलं, 'घाई'.

दुसरे एक निवृत्त मास्तर वजनकाटा घेऊन आले. "लिटर म्हणता आणि भरतं 910 ग्रॅम!" लिटरभर शेंगदाणा तेल तेवढंच भरतं, पाण्यापेक्षा ते हलकं, हे सुधीरने मास्तरांना बादलीत तेलाचा थेंब टाकून दाखवलं. मास्तर विज्ञानाचे निघाले. त्यांना ते माहीत होतं. ते सुधीरला माहीत आहे का, हे बघायला आले होते.

आणि नातेवाईक! घरच्या बरण्या घेऊन येणारे, 'आपल्यातला भाव' विचारणारे, 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणणारे. बरणीवाल्यांना सुधीर सांगतो, खाद्यतेल सुटं विकायला कायद्याने मनाई आहे, सीलबंद आणि लेबल लावूनच द्यावं लागतं. उधारीवाल्यांपुढे मात्र त्याचं जुनं कौशल्य फुलतं. त्याचा मावसभाऊ उधारी मागायला आला आणि रोख देऊन, वर आभार मानून गेला.

पण हे सगळं नंतरचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वही बघून झाल्यावर मी तो प्रश्न विचारला जो मित्र सहसा विचारत नाहीत. "नाहीच जमलं तर?"

सुधीरने वहीचं शेवटचं पान उघडलं. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की बँक ते खातं एनपीए ठरवते. सुधीरने तोच नियम स्वतःला लावला होता. पहिले सहा महिने घरखर्च पीएफच्या पैशातून, त्याची रक्कम ठरलेली. त्यानंतर सलग तीन महिने घाण्यातून घरखर्च निघाला नाही, तर घाणा विकायचा. घरावर आणखी कर्ज काढायचं नाही, ग्रॅच्युइटीला हात लावायचा नाही. खाली त्याची सही, शेजारी वहिनींची. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. सहीपुढे कंसात लिहिलं होतं, 'जामीनदार'.

"तुम्ही दिली नाहीत का सूट, आणखी तीन महिन्यांची?" मी वहिनींना विचारलं.

"मागितली होती त्यांनी," त्या म्हणाल्या. "मी नामंजूर केली."

दुसऱ्या दिवशी मी भाषण केलं. म्हटलं, मित्रांनो, सुधीरला यश मिळेलच असं मी म्हणणार नाही, कारण मी वही पाहिली आहे. आज दीडशे घरं कमी आहेत. पण उद्या हा धंदा बुडाला तर तो किती तारखेला आणि किती रुपयांना बुडाला हे सांगू शकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय, आणि त्या माणसाचं मी मनापासून अभिनंदन करतो. टाळ्या पडल्या. सुधीर तेवढ्यात पेंडीचं वजन करत होता.

त्यानंतर मी पाच लिटरचा कॅन मागितला. मित्राचा भाव विचारला नाही. सतराशे रुपये रोख मोजले, त्याने दोनदा मोजून घेतले आणि वहीत माझं नाव लिहिलं. त्या संध्याकाळी घरं एकशे एकतीस झाली.