काय लिहिलंय ते सांगा

आमच्या तात्यांच्या दारावरची पाटी मोडीत आहे. खाली देवनागरीत काही नाही. त्यामुळे कुरिअरवाला पोरगा दर वेळी शेजारच्या जोशीकाकूंची बेल वाजवतो आणि काकू दर वेळी तात्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून पार्सल ठेवून घेतात. तात्यांची तीस वर्षं दप्तरखान्यात जुनी मोडी कागदपत्रं वाचण्यात गेली. निवृत्तीनंतर माणसं विणकाम करतात, भजनी मंडळात जातात, नाहीतर सोसायटीचे चेअरमन होतात. तात्या लोकांना गोंदवण्यापासून परावृत्त करतात.

तशी त्यांची गोंदण्याला हरकत नाही. हरकत आहे ती स्वतःला वाचता न येणारं गोंदवून घेण्याला. गेल्या काही वर्षांत पोरांना मोडीचं वेड लागलंय. दंडावर मोडी, गळ्यात मोडी, दिवाणखान्याच्या भिंतीवर पितळी मोडी. एवढी लफ्फेदार लिपी दुसरी नाही, त्यामुळे वेड लागणं समजण्यासारखं आहे. पण कारागिराला वाचता येत नाही, गिऱ्हाइकाला येत नाही आणि बघणाऱ्यालाही येत नाही. "तिघेही अडाणी असले की व्यवहार फार सुरळीत होतो," असं तात्या म्हणतात.

त्यांच्याकडे दोन हुकमी गोष्टी आहेत. पहिली आरियाना ग्रांदे नावाच्या अमेरिकन गायिकेची, जिचं नाव ते 'आर्याताई' असं घेतात. २०१९ साली तिने आपल्या 'सात अंगठ्या' या अर्थाच्या गाण्याची आठवण म्हणून तळहातावर जपानी अक्षरं गोंदवून घेतली. तळहातावर सुई फार दुखते, म्हणून मधली अक्षरं गाळली. उरलेल्या दोन अक्षरांचं 'शिचिरिन' झालं, म्हणजे मासे भाजायची कोळशाची छोटी शेगडी. पुढे तिने दुरुस्तीसाठी आणखी एक अक्षर घातलं, तरी शेगडी काही पुरती विझली नाही. "दोन्ही अक्षरं बिनचूक होती हो," तात्या कळवळून सांगतात. "अक्षर बरोबर असणं आणि शब्द बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी."

दुसरी गोष्ट सांगताना मात्र ते अभिमानाने ताठ बसतात. फुटबॉलवाल्या डेव्हिड बेकहॅमने २००० साली बायकोचं नाव हातावर देवनागरीत कोरून घेतलं: व्हिक्टोरिया. तिकडची वर्तमानपत्रं हसली, म्हणाली, हिंदीत एक 'ह' फुकटचा घुसलाय. "हिंदीत 'विक्टोरिया' लिहितात, ते खरं. पण आपण काय लिहितो? व्हिक्टोरिया टर्मिनस! घोड्याची व्हिक्टोरिया! त्या माणसाने बायकोचं नाव शुद्ध मराठीत गोंदवून घेतलंय आणि त्याला कोणी सांगितलेलं नाही." लिपी एक असली तरी भाषा दोन असू शकतात, म्हणून तपासणारा नुसता लिपीचा असून भागत नाही, एवढाच त्यातला मुद्दा. पण बेकहॅमला पत्र लिहायचा मसुदा तात्यांच्या टेबलाच्या खणात आहे, हे मी स्वतः पाहिलंय.

गिऱ्हाइकं येतात ती बहुधा मोबाइल पुढे करत. हडपसरहून एक पोरगा आला होता. दंड असा, की त्यावर सबंध वतनपत्र मावलं असतं. त्याला शिवरायांची राजमुद्रा मोडीत हवी होती. तात्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "बाळा, महाराजांची मुद्रा संस्कृतात आहे आणि देवनागरीत आहे. खुद्द महाराजांनी मोडीत केली नाही, ती तू कशाला करतोस?" पोरगा हिरमुसला. मग म्हणाला, निदान स्वतःचं नाव तरी. ते त्याने कुठूनतरी मोडीत उतरवून गोंदणाऱ्याला पाठवलं होतं आणि तिकडून आलेलं चित्र तयार होतं. तात्यांनी चष्मा वर केला. चित्रात सहा चौकोन होते. सुबक, सारख्या मापाचे. मोडीला संगणकाच्या युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. ज्या यंत्रात मोडीचा फॉन्ट नाही, ते यंत्र प्रत्येक अक्षराजागी रिकामी चौकट काढून मोकळं होतं. गोंदणाऱ्याला वाटलं, हीच मोडी. त्याने चौकटींना छान सावलीसुद्धा दिली होती.

पण तात्यांचं खरं रूप मला दिसलं ते लॉकेटच्या प्रकरणात.

एक मध्यमवयीन गृहस्थ आले. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, बायकोसाठी सोन्याचं लॉकेट करायचं होतं, त्यावर तिचं नाव मोडीत. सोनाराने फॉन्टमधून काढलेला कागद सोबत होता. गृहस्थांनी कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "यात 'शीला' असं बरोबर लिहिलंय ना?"

तात्यांनी कागदावर पालथा पंजा ठेवला. "झालं. केलंत वाटोळं."

"का? चुकलंय?"

"ते आता मला कसं कळणार? तुम्ही आधीच सांगितलंत ना 'शीला' म्हणून! आता मला शीलाच दिसणार. 'बरोबर आहे का' असं विचारलं की भला माणूस 'हो' म्हणतो. विचारायचं असतं, 'काय लिहिलंय ते सांगा.' आणि मग तोंड बंद ठेवायचं."

मग त्यांनी आपल्या हातांनी नाव लिहिलं. आधी डावीकडून उजवीकडे सलग रेघ, मग तिला खालून लटकणारी अक्षरं. ती चिठ्ठी घेऊन मला शनिवार पेठेत पाठवलं, त्यांच्याच दप्तरातल्या अप्पांकडे. अप्पांना काहीही सांगायचं नाही, फक्त त्यांच्याकडून देवनागरीत लिहून आणायचं. अप्पांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि झोकदार अक्षरात लिहून दिलं: 'शिला'. वर मला विचारलं, "कुठल्या देवळातली?"

गृहस्थांचा चेहरा पडला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोच्या गळ्यात 'दगड' घालायची कल्पना कोणालाही अस्वस्थ करील. (काहींना सुचेलही, पण ती माणसं सोनाराकडे जात नाहीत.) तात्या मात्र खुलले. जुन्या मोडीत बहुधा ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. वेलांटी एकच, उकारही एकच. 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसतात, 'सुर' आणि 'सूर'ही. अनुस्वार लिहायचा कंटाळा. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. अन् तरीही शेकडो वर्षं कारभार बिनबोभाट चालला, कारण वाचणाऱ्याला मागचंपुढचं ठाऊक असायचं. सारा वसुलीच्या कागदात 'दिन' आला तर तो दिवस, अर्जात आला तर तो बिचारा. "मोडी ही कारकुनांनी कारकुनांसाठी लिहिलेली लिपी आहे," तात्या म्हणाले. "ती सबंध पानात वाचायची असते. तुम्ही तिला एकटी काढून गळ्यात लटकवता. मग ती काय सांगणार?"

"पण फॉन्टमध्ये तर दोन वेलांट्या वेगळ्या दिसतात," गृहस्थ म्हणाले. त्यांनी अभ्यास केला होता. आणि ते खरंही होतं. युनिकोडने मोडीला ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन्ही वेलांट्या दिल्या आहेत.

"दिसतात ना. पण अप्पा चाळीस वर्षं जुने कागद वाचतायत. त्यांनी त्या फरकाकडे बघायचंच सोडलंय. फॉन्ट फरक दाखवतो, वाचणारा पाहत नाही. लॉकेट कोण वाचणार, फॉन्ट की अप्पा?"

बायकोचं लॉकेट अप्पा कशाला वाचतील, हा प्रश्न गृहस्थांच्या ओठांवर आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला.

तोडगा तात्यांनीच काढला. नावामागे 'सौ' घालायचं, म्हणजे एकट्या शब्दाला सोबत मिळते. दगडाला कोणी सौभाग्यवती म्हणत नाही. नवी चिठ्ठी अप्पांकडे पाठवून चालणार नव्हतं, कारण अप्पा आता फितूर झाले होते. म्हणून मोडीच्या वर्गाला जाणारी एक मुलगी शोधली. तिने न अडखळता 'सौ शीला' वाचलं. तात्यांनी तिला दोनदा विचारलं, कोणी आधी काही सांगितलं तर नाही ना? शपथ घ्यायची वेळ आणली.

इथे कोणी सामान्य माणूस थांबला असता. तात्या सोनाराकडे गेले. त्यांचं म्हणणं असं, की कागदावरचं बरोबर असून उपयोग नाही, कारण मधे कारागीर येतो आणि कारागिराला सौंदर्यदृष्टी असते. झालं तसंच. मोडीतला काना अक्षरातून वळून वर रेघेकडे चढतो. सोनाराने तो 'नीट दिसावा' म्हणून देवनागरीसारखा सरळ दांडा करून टाकला होता. तात्यांनी तो परत वळवायला लावला. मग सोनं कापण्याआधी तांब्याच्या पत्र्यावर नमुना कापून घेतला आणि तोही वाचून पाहिला. शिरोरेघ सलग असल्यामुळे सगळी अक्षरं तिला धरून राहतात, लॉकेटला ही लिपी मोठी सोयीची. अनुस्वार असता तर पंचाईत होती. सुटं टिंब कशाला धरून राहणार? सोनार तो मुकाट्याने गाळतात. शेवटी मागच्या बाजूला एक बारीक खूण करून घेतली. आरपार कापलेलं लॉकेट उलटं घातलं तर अक्षरंही उलटी होतात. देवनागरीत ते चारचौघांत लगेच ओरडून सांगेल कोणी. मोडीत मात्र बाई जन्मभर स्वतःचं नाव आरशातलं घालून हिंडतील.

लॉकेट झालं, गृहस्थ पेढे देऊन गेले. मजुरीपेक्षा रिक्षाभाडं जास्त झालं असावं, पण ते काही बोलले नाहीत.

महिनाभराने दुपारी बेल वाजली. एक बाई आत आल्या, गळ्यातलं लॉकेट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "यात काय लिहिलंय ते सांगा."

तात्यांचे डोळे चमकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी प्रश्न नीट विचारला होता. त्यांनी लॉकेट उचललं, पाठीवरची खूण पाहिली, आणि चमक मावळली.

"आपलं नाव..." ते म्हणाले.

"ते आधी सांगायचं नाही, असं ऐकलंय."

"अगदी बरोबर," तात्या म्हणाले. "पण हे माझंच अक्षर आहे. लिहिणाऱ्याने केलेलं वाचन धरत नाहीत. तुम्ही असं करा, शनिवार पेठेत आमचे एक अप्पा आहेत..."

"त्यांच्याकडूनच येतेय," बाई म्हणाल्या. "ते म्हणाले, मी हे एकदा वाचून बसलोय, माझं चालायचं नाही. सदाशिव पेठेत एक तात्या आहेत, त्यांना विचारा."