कंपनीच्या हिताला प्राधान्य

पुसदच्या बाजारात मला लांबून पाहून रस्ता ओलांडणारी माणसे बरीच आहेत. वीसेक वर्षे विम्याची एजन्सी केल्यावर एवढी कमाई होतेच. अशा माणसाने ब्रोकर व्हायचे ठरवले.

कारण साधे होते. कायद्याने एजंटाला आयुर्विमा, सर्वसाधारण विमा, निव्वळ आरोग्य विमा अशा प्रत्येक प्रकारातली एकेकच कंपनी करता येते. गिऱ्हाईक विचारते, "भाऊ, दुसऱ्या कंपनीची हीच पॉलिसी स्वस्त आहे का?" ती असते. पण मला "स्वस्त ते टिकत नाही" असले काहीतरी पुटपुटावे लागते. ब्रोकर मात्र सगळ्या कंपन्यांचा माल टेबलावर मांडू शकतो.

"ब्रोकरच्या परवान्याला ब्रँच मॅनेजरचं शिफारसपत्र लागते बाप्पा. त्याबिगर हैदराबादवाले फाइलच उघडत नाहीत," असे एका जाणत्याने सांगितले. विमा नियामकाचे मुख्यालय हैदराबादला आहे, एवढे त्याचे खरे होते. मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो."

स्वतःची स्तुती स्वतःच लिहायची संधी कोण सोडेल? मी दोन पाने भरली. सचोटी, चिकाटी, ग्राहकांशी घरोबा, तालुक्यात दबदबा. 'यांच्या जाण्याने शाखेची अपरिमित हानी होईल' हे वाक्य तर लिहिताना मलाच गहिवरून आले. साहेबांनी लाल पेन काढले. "हानी होईल ते कापतो. वरून विचारतील, मग थांबवलं का नाही." दबदबा गेला, घरोबाही गेला. मग त्यांनी संगणकावर माझा एजन्सी कोड टाकला आणि तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी उघडली. म्हणजे पहिल्या वर्षी विकलेल्या पॉलिसींपैकी किती जणांनी दुसऱ्या वर्षी हप्ता भरला.

"चिकाटी तुमची दिसते, पॉलिसींची नाही," साहेब म्हणाले.

याला माझे उत्तर तयार होते. आमचे टार्गेट मार्चमध्ये संपते, म्हणून निम्म्या पॉलिसी मार्चमध्येच होतात. पण इकडे शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो सोयाबीन आणि कापूस विकल्यावर. मार्च उजाडेपर्यंत तो संपलेला असतो, उरला असेल तर पीककर्जाच्या भरण्यात जातो. पहिला हप्ता माझ्या आग्रहाने निघतो, दुसऱ्याच्या वेळी मी दुसऱ्या गावात आग्रह करत असतो. साहेबांनी हे शांतपणे ऐकले आणि 'चिकाटी' कापली.

उरले ते अर्धे पान: कोड क्रमांक, कधीपासून काम करतात, विम्याचे कोणते प्रकार विकतात, दाव्याची कागदपत्रे वेळेत आणतात, शाखेत तक्रार नोंदलेली नाही, येणे बाकी नाही. प्रत्येक वाक्याआधी 'आमच्या नोंदीप्रमाणे'. माझ्या साहित्यातले एकच वाक्य त्यांनी ठेवले: 'यांनी सदैव कंपनीच्या हिताला प्राधान्य दिले.' वर शिक्का.

ते पत्र घेऊन मी एका सीएंकडे गेलो. त्यांनी नेमके तेच वाक्य दोनदा वाचले. "अहो, एजंट कंपनीचा माणूस, ब्रोकर गिऱ्हाइकाचा. दावा अडला तर ब्रोकरने कंपनीशी भांडायचं असतं. हे पत्र तुमच्या विरोधातला पुरावा आहे." मग त्यांनी २०१८ चे ब्रोकर विनियम समोर ठेवले. त्यात ब्रँच मॅनेजरच्या पत्राला खास जागाच नव्हती. अनुभवाचा दाखला म्हणून फार तर फाइलला जोडता आले असते.

जागा होती ती वेगळ्याच गोष्टींना. एकट्या माणसाला हा परवाना मिळत नाही. कंपनी, भागीदारीची एलएलपी किंवा सहकारी संस्था लागते. थेट ब्रोकरला किमान भांडवल ७५ लाख रुपये आणि बँकेत अडकवून ठेवायची ठेव १० लाख. शिवाय पात्र 'प्रिन्सिपल ऑफिसर' हवा. त्याने प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हायची. माझ्याकडे तेव्हा एक स्कूटर आणि साहेबांचे पत्र होते.

घरी येऊन पत्राचे पाकीट पुन्हा उघडले तर आत आणखी एक कागद निघाला. एजन्सी सरेंडर करण्याचा कोरा अर्ज. मी ब्रोकर होणार म्हणजे एजन्सी सोडणारच, असे साहेबांनी गृहीत धरले होते, आणि ते नियमाला धरूनच होते; एजन्सी आणि ब्रोकरी सोबत चालत नाहीत. मी उत्साहात सही करून दिली असती, तर एजन्सी गेली असती, आणि समाप्तीचा दाखला मिळाल्यावरही दुसऱ्या विमा कंपनीत एजंट म्हणून लागायला ९० दिवस थांबावे लागले असते.

तेव्हा एजंट बंधूंनो, ब्रोकर व्हायचेच असेल तर आधी भांडवल जमवा, मग परीक्षा द्या, आणि सरेंडरचा अर्ज सगळ्यात शेवटी भरा. साहेबांकडे स्तुती मागू नका. तारखा, विम्याचे प्रकार आणि दाव्यांची कामे एवढेच लिहून घ्या. आणि पाकीट तिथेच उघडून बघा.