लालमन, कळवा आणि माझा आवाज

माझा आवाज निवेदकाचा आहे, हे मत मी लहानपणापासून जपलं होतं. ऑफिसातल्या निरोपसमारंभाचं सूत्रसंचालन माझ्याकडेच असतं आणि निवृत्त होणाऱ्यापेक्षा मीच जास्त बोलतो. त्यामुळे चाळिशीनंतर एलएलबीला नाव घातलं आणि डोंबिवली-सीएसएमटी स्लो लोकलमध्ये वही उघडायला जागा नाही हे दिसलं, तेव्हा नोट्स स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐकायचं ठरलं. खरं सांगायचं तर अभ्यास हे निमित्त होतं.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं. सर्दी झालेला कुणी इसम गणपतीची वर्गणी मागतोय असं वाटलं. फोन खराब म्हणावा, तर बायको शांतपणे म्हणाली, ‘‘असाच आहे की तुझा आवाज.’’ यामागे शास्त्र आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून कानावर येतो, शिवाय कवटीच्या हाडांतूनही आत पोचतो आणि हाडं खर्जातले सूर जास्त पोचवतात. म्हणजे ज्या धीरगंभीर स्वरावर मी इतकी वर्षं खूश होतो, तो कार्यक्रम फक्त माझ्या डोक्यात चालू होता. सभागृहात बसलेल्यांना कायम वर्गणीवालाच ऐकू येत होता. तरीही ते टाळ्या वाजवत. सहकारी मोठ्या मनाचे आहेत, किंवा पुढे बटाटेवडे असायचे.

असो. वहीत मी लिहिलं होतं: ‘लालमन शुक्ल वि. गौरी दत्त (१९१३) → प्रस्ताव अज्ञात → स्वीकार नाही → करार नाही.’ डोळ्यांना हे पुरतं. कानाला बाण दिसत नाहीत, कंस ऐकू येत नाहीत, आणि ‘वि.’ म्हणजे भजनी मंडळाच्या टाळांत शिंक वाटते. म्हणून ते असं लिहून काढलं:

‘बक्षिसाची जाहिरात माहीतच नसताना काम केलं, तर बक्षीस मागता येतं का? (पाच सेकंद गप्प.) नाही. कानपूरच्या गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून निघून जातो. गौरी दत्त आपल्या मुनिमाला, लालमनला, हरिद्वारला शोधायला पाठवतात. लालमन गेल्यावर पाचशे एक रुपयांचं बक्षीस जाहीर होतं. लालमनला ते ठाऊक नाही. लालमन मुलाला शोधून काढतो. पुढे नोकरी सुटल्यावर लालमन बक्षिसासाठी दावा लावतो. लालमन हरतो. कारण जो प्रस्ताव माहीत नाही, तो स्वीकारता येत नाही. शिवाय मुलाला शोधणं हे लालमनचं कामच होतं.’

कागदावर इतक्यांदा ‘लालमन’ वाचताना कंटाळा येईल. पण मधेच ‘पुढील स्टेशन कळवा’ झालं, की ‘तो’ म्हणजे पुतण्या की मुनीम हे कळत नाही. एक प्रकरण दोन स्टेशनांमध्ये संपवायचं, म्हणजे तीनेक मिनिटं, माझ्या वेगानं साडेतीनशे शब्द. आकडे सुटे करून म्हणायचे. करार कायद्याचं कलम १७ म्हणजे कपट आणि १८ म्हणजे चुकीचं निवेदन. मुख्य फरक हा, की पहिल्यात फसवण्याचा हेतू असतो, दुसऱ्यात माणूस स्वतःच ते खरं मानून सांगत असतो. खाडीपुलाच्या खडखडाटात ‘सतरा’ आणि ‘अठरा’ सारखेच ऐकू येतात. ‘एक सात, कपट’ म्हटलं की भांडण मिटतं. कलम २ मधल्या व्याख्यांचं मात्र काही जमत नाही. त्यांची पोटकलमं घरी, डोळ्यांनीच वाचावी लागतात.

सगळ्यात कामाची आहे ती पाच सेकंदांची शांतता. तेवढ्यात उत्तर मनात आलं तर ते येतं. नाही आलं, तर आपण नुसती स्वतःच्या आवाजाला मान डोलावत असतो. या दुसऱ्या प्रकारात माझा हातखंडा आहे.

पण लालमन ऐकून ऐकून मला आता राग येतो. निकाल बरोबर आहे, परीक्षेत मी तोच लिहिणार. पण हा माणूस रानोमाळ फिरला, पोर सुखरूप सापडलं, आणि मालकानं पत्रकं छापली ती दुसऱ्या कुणी शोधलं तर बक्षीस द्यायला. घरच्या नोकराला कसलं बक्षीस, त्याचं कामच ते! फायली वेळेवर हलवणाऱ्या आम्हा कारकुनांना हे वाक्य कायद्याच्या पुस्तकाबाहेरही तोंडपाठ आहे.

तेव्हा एक विनंती. कळव्याच्या आसपास कानात वायर घातलेला इसम ‘लालमन हरतो’ असं पुटपुटताना दिसला, तर त्याला वेड्यात काढू नका. जरा सरकून चौथी सीट द्या. आवाजाचं विचारलंत तर मात्र तो ठाण्यापर्यंत थांबणार नाही.