पहिल्या तासाची वही

आमच्या हिमायतनगरात परमेश्वराचं मंदिर नावाजलेलं, त्यामुळं गावात परमेश्वर नावाची माणसंही भरपूर. माझ्या दोस्ताचं नाव सांगत नाही. पण वर्गात "परमेश्वर" अशी हाक मारली की जे तीन-चार जण वळून बघायचे, त्यातलाच एक समजा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी त्याच्याकडं वरचेवर वही मागायला लागली आणि गड्याची झोप उडाली.

"वर्गात इतकी पोरं हायती, ती मलाच का मागायलीय?" तो मला विचारायचा.

त्याच्याकडं पुरावे होते. ती त्याला दादा म्हणत नव्हती. दुपारी लायब्ररीत त्याच्यासमोर बसून अभ्यास करायची, आणि एकदा तर नेहमीपेक्षा चांगली पाऊण तास जास्त बसली. शिवाय वही मागायची ती ऑरगॅनिक केमिस्ट्रीचीच. हा योगायोग नाही, असं त्याचं ठाम मत.

1982 साली अमेरिकेत अँटोनिया ॲबी या संशोधक बाईंनी एक प्रयोग केला होता. अनोळखी मुलगा आणि मुलगी पाच मिनिटं गप्पा मारतात, आणि दुसरा एक मुलगा आणि मुलगी ते आडून बघतात. नंतर विचारल्यावर मुलांना त्या मुलीच्या वागण्यात जेवढी लगट दिसली, तेवढी मुलींना दिसली नाही. बोलणाऱ्या मुलाचं एक वेळ समजू शकतो; पण आडून बघणाऱ्याचंही तेच झालं, ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. लायब्ररीत पलीकडच्या टेबलावर बसणारा मी म्हणजे तोच आडून बघणारा. तरीही मी तपास हाती घेतला.

आधी दादाचा मुद्दा. ती वर्गात कुणालाच दादा म्हणत नव्हती. लॅबमधल्या शिपायाला मात्र मामा म्हणायची, पण ते सगळं कॉलेजच म्हणायचं. मग ऑरगॅनिक. तो आमचा पहिला तास. तिच्या गावाकडची पहिली एसटी यायची तेव्हा सरांचा फळा अर्धा भरलेला असायचा. दोस्ताचं घर कॉलेजच्या भिंतीला लागून, त्यामुळं पहिल्या बाकावर हमखास हजर असणारा तोच, आणि अक्षरही मोत्यासारखं. दुसऱ्या-तिसऱ्या तासाची वही तिनं कधीच मागितली नव्हती. ती तिची स्वतःची होती.

लायब्ररीतला अभ्यासही मी पाहिला. तो तास सुटल्यापासून एसटी येईपर्यंत चालायचा. गावाकडं जाणारी काळी-पिवळी मिळाली की अभ्यास रद्द. पाऊण तास जास्त बसली त्या दिवशी बस पंक्चर झाली होती. हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "पण बाकी पोरी स्टँडावर बसल्या की, ती का नाही बसली?"

लायब्ररीत पंखा होता.

खरी मेख वेगळीच होती. मी म्हणालो, "सरळ पूर्ण वहीची झेरॉक्स काढून दे. तरी ती येऊन बसली, तर बोलू." याहून सोपी परीक्षा नाही; गरज काढून घ्यायची आणि मागं काय उरतं ते बघायचं. तो माझ्याकडं असा बघायला लागला जसा मी त्याचा सातबारा मागितला. तेव्हापासून तो एका वेळी एकच प्रकरण द्यायला लागला, तेही "उद्या देतो" म्हणत. ती पुन्हा पुन्हा मागायची, आणि प्रत्येक मागणी तो पुराव्यात जमा करायचा.

एकदा वही परत आली तेव्हा तिच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. दोस्तानं मला सायकलवरून उतरवून झाडाखाली नेलं. मजकूर असा: "कॅनिझारोला अल्फा हायड्रोजन नसलेलं अल्डिहाइड लागतं. असलं तर अल्डॉल होतं. तू उलटं लिहिलंस." बरोबर होतं तिचं. फॉर्माल्डिहाइड आणि बेंझाल्डिहाइड अशी उदाहरणंही दिली होती.

"तू म्हणाली," तो म्हणाला. "तुम्ही नाही."

"आपल्यात कोण कुणाला तुम्ही म्हणतंय बे?"

ओढ होतीच, याबद्दल मला शंका नाही. ती कार्बोनिल संयुगांची होती. वही नुसती उतरवून घेणारा माणूस चुकीसकट उतरवतो. तिनं ती वाचली होती, पुस्तकाशी ताडून पाहिली होती. आम्ही दोघांनी मिळून त्या वहीकडं जेवढं बघितलं, त्यात एकदाही केमिस्ट्री वाचली नव्हती.

पुढच्या सेमिस्टरला वेळापत्रक बदललं. ऑरगॅनिक तिसऱ्या तासाला आलं आणि वही मागणं थांबलं. "नमस्कार, जेवलास का" एवढं चालू राहिलं, पण ते ती सगळ्यांनाच विचारायची. आठवड्यानं दोस्त फुलस्केपवर अर्ज लिहून आला: विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी ऑरगॅनिकचा तास पूर्ववत पहिला ठेवावा ही नम्र विनंती. मी सही केली, वर्गातल्या निम्म्या पोरांनी न वाचताच केली. कागद तिच्या बाकावर पोहोचला. तिनं तो नीट वाचला, "कुणाच्या सोयीसाठी रे?" असं विचारलं, आणि "पुर्ववत" मधला "पु" पेन्सिलीनं दीर्घ करून परत दिला.