तीन की आठ?

पुण्यात जपानी शिकलेल्या माणसाला लोक फोटो पाठवतात. कधी राइस कुकरच्या बटणांचे, बहुतेकदा औषधांचे. कुणाचा तरी मुलगा ओसाकाहून सर्दीच्या गोळ्यांचा खोका आणतो, आणि मला निरोप येतो, "जरा वाचून सांग, दोन मिनिटांचं काम आहे."

शेजारच्या अण्णांच्या फोटोत खोक्याची दर्शनी बाजू झकास आली होती. घसा, नाक, ताप, सगळ्यावर जोरदार! मागच्या बाजूला, जिथे खरा मजकूर, तिथे ट्यूबलाइटचा चमकारा आणि अण्णांचा अंगठा.

मी कागदावर मधोमध उभी रेघ मारतो. डावीकडे कंपनीचं म्हणणं, उजवीकडे पोटात काय, किती आणि केव्हा जायचं ते. 'जोरदार' डावीकडे गेलं. चौकटीतल्या दोनच्या आकड्यावर मात्र अण्णा अडले. "दोन गोळ्या म्हणजे!" नाही. तो औषधाचा कायदेशीर वर्ग आहे. दुसऱ्या वर्गातलं, त्यातही जास्त जपून घ्यायचं. डोसशी त्याचा काही संबंध नाही.

डोसची ओळ अशी होती: मोठ्यांनी एका वेळी इतक्या गोळ्या, दिवसातून तीनदा, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. 'इतक्या'वरच चमकारा. तीन असावा की आठ? मी घटकांच्या तक्त्याकडे वळलो. जपानी खोक्यावर तो बहुधा दिवसभराच्या मात्रेचा असतो. इथे होतं, ९ गोळ्यांत ॲसेटामिनोफेन ९०० मिलिग्रॅम. दिवसाला नऊ, म्हणजे एका वेळी तीन. आठ असते तर दिवसाला चोवीस झाल्या असत्या. तरी मी नुसतं 'तीन' लिहिलं नाही. कंसात घातलं: 'आकडा दिसत नाही, हिशेबाने काढला; स्पष्ट फोटो येईपर्यंत घेऊ नये.' डोळ्यांनी वाचलेलं आणि डोक्याने काढलेलं एकाच शाईत लिहिलं की घेणाऱ्याला फरक कळत नाही.

"एका गोळीत नऊशे?" अण्णा हादरले. "आपली तर साडेसहाशेचीच!" नऊशे दिवसभराचे, गोळीत शंभरच. पण त्यांच्या त्या साडेसहाशेनेच मला हादरवलं. ॲसेटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, आणि अण्णा डॉक्टरांनी दिलेल्या त्याच गोळ्या घेत होते. सर्दी-तापाचं दुसरं औषध सोबत घेऊ नका, हे खोक्यावर लिहिलेलं असतंच. तेही उजवीकडे गेलं, ठळक अक्षरांत. खाली मी माझ्या नावाने वेगळी टीप जोडली: 'आधी डॉक्टरांना विचारा.' दारूची मनाई त्याच रांगेत होती. अण्णांनी ती अस्पष्ट आहे का, असं दोनदा विचारलं. ती अगदी स्वच्छ छापली होती.

संध्याकाळी नवा फोटो आला. अंगठा नव्हता, आकडा तीनच होता. मी कंस काढला, टीप ठेवली आणि कागद पाठवला. लगेच उत्तर आलं, "डावीकडचं सगळं पटलं. उजवीकडचं जरा कमी करून मिळेल का?"